दिवाळीच्या ऑर्डरींची उलटी मोजणी: खऱ्या आकड्यांवर संदेश कसे लिहावेत
(फराळ व्यावसायिक ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

आपल्यापैकी बरेच जण आमच्याकडून सणाचे व्हॉट्सॲप संदेश आणि ऑर्डरींची वही लावून घेतात. हे पत्रक त्यातल्या एकाच कामाविषयी आहे: "इतके डबे उरले, अमुक दिवसापर्यंत ऑर्डर द्या" हे ग्राहकाला कसं सांगायचं. फराळाच्या धंद्यात घाई खरीच असते, त्यामुळे ती रचावी लागत नाही. ती कुठून येते हे ग्राहकाला दिसलं म्हणजे पुरतं.

उदाहरणाला एक किलोचा मिश्र फराळाचा डबा घेऊ. त्यात चकली, शेव, चिवडा, करंज्या आणि आठ अनारसे आहेत. चकलीची भाजणी संपली तर दोन दिवसांत पुन्हा दळून आणता येते. अनारशाचं तसं नाही. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, सावलीत सुकवून दळायचे, गूळ घालून पीठ मुरत ठेवायचं. एकदा पीठ संपलं की दिवाळीआधी नवं होत नाही. म्हणून डब्यांची संख्या ठरवतात ते अनारसे. आपल्या डब्यातली अशी सर्वांत अडणारी वस्तू आधी शोधा, मोजणी तिथूनच सुरू होते.

समजा मुरलेल्या पिठाचे १३०० अनारसे होतील. तळताना काही हसतात, म्हणजे तुपात विरघळून पसरतात. त्यांचे १०० वजा करा. उरले १२००, म्हणजे आठप्रमाणे १५० डबे. जुन्या गिऱ्हाइकांनी तोंडी सांगून ठेवलेले ३० बाजूला काढा. वाटेत फुटलेल्या पार्सलच्या बदल्यात द्यायला ६ राखून ठेवा. विक्रीला उरले ११४. संदेशात जाणारा आकडा हाच. तो कमी करून "फक्त ५० डबे" असं लिहू नका. एकावन्नावा डबा विकला त्या दिवशी ते वाक्य खोटं ठरतं, आणि फराळ घेणारी माणसं एकमेकांच्या ओळखीची असतात.

आता शेवटचा दिवस. तो मागून मोजत या. समजा धनत्रयोदशी शुक्रवारी ६ तारखेला आहे आणि डबा गुरुवारपर्यंत घरी पोचायला हवा. कुरिअरला एरवी तीन दिवस लागत असतील तर दिवाळीच्या गर्दीचे दोन आणखी धरा. म्हणजे पार्सल शनिवारी ३१ तारखेला हातावेगळं झालं पाहिजे. तळण आणि पॅकिंग यांना गुरुवार-शुक्रवार. म्हणून कुरिअरच्या ऑर्डरी बुधवारी २८ तारखेला रात्री बंद. दुकानातून डबा नेणाऱ्याला ही अट लागू नाही. त्याला मंगळवार ३ तारखेपर्यंत ऑर्डर देता येईल. दोघांना एकच तारीख सांगितली तर एकाला विनाकारण घाई होते, म्हणून दोन तारखा वेगळ्या छापा.

पहिला संदेश असा:

"यंदा मिश्र फराळाचे ११४ डबे विक्रीला आहेत. अनारशाचं पीठ एकदाच मुरवलं आहे, त्यामुळे यापेक्षा जास्त होणार नाहीत. डबा ₹९५०, कुरिअर ₹१२० वेगळे. कुरिअरने हवा असल्यास बुधवार २८ रात्री ९ पर्यंत, दुकानातून नेणार असल्यास मंगळवार ३ पर्यंत कळवा."

कुरिअरचे पैसे पहिल्याच संदेशात सांगायचे, पत्ता घेतल्यावर नाही.

दुसरा संदेश सोमवारी: "सोमवार २६, संध्याकाळी ६ वाजता ४१ डबे उरले आहेत. कुरिअरची ऑर्डर बुधवारी रात्री ९ ला बंद." यात वेळ लिहिणं फार गरजेचं आहे. ब्रॉडकास्ट यादीतला संदेश कोणी रात्री, कोणी दुसऱ्या दिवशी वाचतं, तोवर आकडा शिळा झालेला असतो. रोजचा आकडा व्हॉट्सॲप स्टेटसला लावणं आम्हाला अधिक बरं वाटतं. स्टेटस चोवीस तासांनी आपोआप जातं आणि कोणाच्या फोनवर टिंग वाजत नाही. ब्रॉडकास्टबद्दल आणखी एक: ज्यांनी आपला नंबर जतन केला आहे त्यांनाच तो पोचतो.

तिसरा आणि शेवटचा संदेश बुधवारी सकाळी: "आज रात्री ९ ला कुरिअरच्या ऑर्डरी बंद. सकाळी १० वाजता २६ डबे आहेत." बस. ज्यांनी ऑर्डर दिली किंवा "यंदा नको" म्हटलं, त्यांना दुसरा-तिसरा संदेश जाता कामा नये. घोटाळा बहुतेक इथेच होतो, कारण यादीतून नावं काढायचं राहून जातं.

आकडा चुकतो तो दोन जणांनी दोन ठिकाणी ऑर्डरी घेतल्यामुळे. एक फोनवर "हो" म्हणतो, दुसरा व्हॉट्सॲपवर, आणि शेवटचे तीन डबे पाच जणांना विकले जातात. त्यामुळे शीट एकच ठेवा आणि त्यात नोंद झाल्याशिवाय कोणालाही होकार देऊ नका. C स्तंभात डबे आणि D मध्ये स्थिती लिहा: "जमा", "राखीव" किंवा "रद्द". उरलेला आकडा काढायला:

```
=114-SUMIFS(C2:C200,D2:D200,"<>रद्द")
```

यात पैसे न आलेले राखीव डबेही वजा होतात, स्थिती लिहायची राहिली तरी. चूक झालीच तर ती आकडा कमी दाखवण्याची होईल, जास्त विकण्याची नाही. राखीव किती वेळ धरायचं ते ग्राहकाला आधीच सांगा, उदाहरणार्थ "उद्या दुपारी १२ पर्यंत आपल्या नावावर ठेवतो". रद्द झाल्यामुळे ४१ चे ४४ झाले तर स्टेटसवर तसं लिहा: "३ ऑर्डरी रद्द, आता ४४." कारण न देता वाढलेला आकडा बघितला की पुढच्या आकड्यावर कोणी विश्वास ठेवत नाही.

बुधवारी रात्री ९ ला २२ डबे शिल्लक राहिले तर? तारीख पुढे ढकलू नका. "लोकाग्रहास्तव मुदतवाढ" म्हणजे काल घाई करून पैसे भरणाऱ्याला फसवल्यासारखं आहे. खरं ते लिहा: "कुरिअर बंद. २२ डबे आहेत, फक्त दुकानातून नेण्यासाठी." सुरुवातीला सवलत दिली असेल तर तिची मुदत संपल्यावर बिलही खरोखर पूर्ण दराने फाडा.

"१२ जण हा डबा पाहत आहेत", दर वेळी नव्याने सुरू होणारं घड्याळ, "नको, मला घरच्यांना खूश करायचं नाही" असं बटण, हे आम्ही कोणालाही लावून देत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत फसव्या रचनांचे १३ प्रकार दिले आहेत. त्यात खोटी घाई दाखवणं आणि नकार देणाऱ्याला लाजवणं दोन्ही आहेत. त्या विक्रेत्यांनाही लागू आहेत.

सगळे डबे संपल्यावर स्टेटस लगेच बदला आणि विचारणाऱ्यांची नावं क्रमाने लिहून ठेवा. राखलेले ६ डबे पार्सलं सुखरूप पोचल्यावर मोकळे होतात. ते या यादीतल्या पहिल्या सहा जणांना, त्याच ₹९५० ला, एकेकाला फोन करून विचारा.