वस्तुमानकेंद्रातून काढलेली रेघ पत्र्याचे दोन समान भाग करते का?

«वस्तुमानकेंद्रातून रेघ मारली की दोन्हीकडे सारखंच वस्तुमान येतं ना?»

नाही. सारखे येते ते आघूर्ण, म्हणजे वस्तुमान गुणिले रेघेपासूनचे अंतर. पत्र्याचा आकार आणि घनता रेघेच्या दोन्ही बाजूंना सममित असतील तर वस्तुमानही सारखे निघते, आणि बहुधा तिथूनच हा समज पसरला असावा.

3 मीटर लांब, 1 मीटर रुंद पातळ पत्रा घ्या. डाव्या कडेपासून x मीटरवर त्याची घनता दर चौरस मीटरला 2x किलो आहे. dx रुंदीच्या उभ्या पट्टीचे वस्तुमान 2x dx. त्याचे 0 ते 3 संकलन केले की एकूण 9 किलो. त्याच पट्टीला x ने गुणून संकलन केले की 18. म्हणून केंद्र 18/9 = 2 मीटरवर.

आता x = 2 वर उभी रेघ मारा. डावीकडे 4 किलो, उजवीकडे 5! तरी पत्रा त्या रेघेवर तोलून राहतो, कारण डावीकडचे हलके वस्तुमान सरासरीने जास्त दूर आहे: दोन्ही बाजूंचे आघूर्ण 8/3.

वस्तुमान निम्मे करणारी उभी रेघ x² = 4.5 वरून मिळते, म्हणजे सुमारे 2.12 मीटरवर. केंद्र काढताना उत्तर 2.12 आले असेल, तर तुम्ही x ने गुणायचे विसरून नुसते वस्तुमान अर्धे केले आहे.