परिमिती आणि क्षेत्रफळ ठाऊक असेल तर काटकोन त्रिकोण सापडतो का?

एका त्रिकोणी तुकड्याभोवती ६० मीटर तार लागते, क्षेत्रफळ दीड आर म्हणजे १५० चौरस मीटर आहे आणि एक कोपरा नक्की काटकोनाचा आहे. एवढ्यावरून तिन्ही बाजू काढता येतात. तीन अज्ञात, तीन समीकरणे असे म्हणून बहुतेकजण एक बाजू दुसरीच्या रूपात लिहितात आणि वर्गमुळांच्या गुंत्यात अडकतात. त्यापेक्षा आधी कर्णाला हात घालावा.

परिमितीतून कर्ण वजा केला की दोन लहान बाजूंची बेरीज उरते. या बेरजेचा वर्ग म्हणजे कर्णाचा वर्ग अधिक क्षेत्रफळाची चौपट, कारण दोन बाजूंचा गुणाकार क्षेत्रफळाच्या दुप्पट असतो आणि वर्गविस्तारात तो दोनदा येतो. आता समीकरणाच्या दोन्हीकडे कर्णाचा वर्ग आहे, तो कटतो आणि साधे एकघाती समीकरण राहते:

कर्ण = परिमिती ÷ २ − २ × क्षेत्रफळ ÷ परिमिती

आपल्या तुकड्यासाठी ३० − ३०० ÷ ६० = २५ मीटर. उरलेल्या दोन बाजूंची बेरीज ३५, गुणाकार ३००. बेरजेच्या वर्गातून गुणाकाराची चौपट वजा करा: १२२५ − १२०० = २५. हा बाजूंच्या फरकाचा वर्ग, म्हणून फरक ५. बाजू २० आणि १५.

सूत्रात वजा झालेला ५ हा आकडा उगीच आलेला नाही. ती त्रिकोणाच्या अंतर्वर्तुळाची त्रिज्या आहे. काटकोनाच्या शिरोबिंदूपासून वर्तुळाच्या स्पर्शबिंदूपर्यंतचे अंतर त्रिज्येइतकेच असते, म्हणून अर्धी परिमिती म्हणजे कर्ण अधिक त्रिज्या.

खरी अडचण मोजमापात येते. समजा क्षेत्रफळ १५० ऐवजी १५४ धरले. कर्ण २४.८७ येतो, फरक जेमतेम १३ सेंटिमीटर. बाजू मात्र १८.३३ आणि १६.८० होतात, म्हणजे दीड मीटरहून जास्त हलतात. क्षेत्रफळ १५५ धरले तर फरकाचा वर्ग ऋण येतो. आकडेमोड चुकलेली नसते. असा काटकोन त्रिकोणच नसतो. ठराविक परिमितीत सर्वांत जास्त क्षेत्रफळ दोन लहान बाजू समान असलेल्या काटकोन त्रिकोणाचे, आणि ते परिमितीच्या वर्गाला सुमारे २३.३१ ने भागून मिळते. ६० मीटरसाठी ते साधारण १५४.४ चौरस मीटर. आकडा या मर्यादेच्या जितका जवळ, तितका लहान बाजूंवर भरवसा कमी. अशा वेळी एक बाजू टेपने मोजलेलीच बरी.

क्षेत्रफळ गुंठ्यात असेल तर आधी एकके जुळवा. एक गुंठा १०८९ चौरस फुटांचा, तेव्हा परिमितीही फुटांतच हवी.