मालतूट (किरकोळ विक्री)

वहीप्रमाणे दुकानात जितका माल असायला हवा आणि मोजणीत जितका हाती लागतो, त्यांतल्या फरकाला मालतूट म्हणतात. आधुनिक दुकानदारीत तिला ‘श्रिंकेज’ हा शब्द रूढ आहे. वहीतल्या आकड्याला पुस्तकी साठा आणि मोजून आलेल्या आकड्याला प्रत्यक्ष साठा म्हणतात. चोरी, मोडतोड आणि नोंदींतल्या चुका ही तुटीची तीन मुख्य कारणे. यांपैकी कोणत्या कारणाने किती माल गेला, हे मात्र मोजणीतून कळत नाही. मोजणी फक्त एकूण खड्डा दाखवते. या विषयातले बरेचसे गैरसमज खड्ड्यालाच कारण समजण्यातून होतात.

पुस्तकी साठा काढण्याची रीत सोपी आहे. मागच्या मोजणीचा साठा घ्यायचा, त्यात खरेदी मिळवायची, त्यातून पुरवठादाराला परत पाठवलेला माल आणि विकलेला माल वजा करायचा. मोडका म्हणून फेकलेल्या मालाची नोंद झाली असेल, तर तोही वजा होतो. उरलेल्या आकड्यातून प्रत्यक्ष साठा वजा केला की तूट मिळते. ती सहसा विक्रीच्या टक्केवारीत सांगतात.

एक काल्पनिक दुकान घेऊ. सहामाहीच्या सुरुवातीचा साठा खरेदी किमतीने ४,००,०००, खरेदी १२,००,०००, परत पाठवलेला माल २०,०००. ग्राहकांना झालेली विक्री १५,००,००० आणि त्या विकलेल्या मालाची खरेदी किंमत ११,५०,०००. म्हणजे पुस्तकी साठा ४,३०,००० यायला हवा. मोजणीत भरला ४,०६,०००. तूट २४,०००, म्हणजे विक्रीच्या १.६ टक्के.

इथे एक बारीक खोच आहे. २४,००० ही खरेदी किंमत आहे, पण भागले ते विक्री किमतीच्या रकमेने. हाच माल विक्री किमतीने धरला तर तूट सुमारे ३१,३०० होते आणि टक्केवारी जवळपास २.१ वर जाते. दोन्ही आकडे बरोबरच आहेत, पण एका दुकानाचा पहिला आकडा दुसऱ्या दुकानाच्या दुसऱ्या आकड्याशेजारी ठेवला की तुलना फसते. म्हणून टक्केवारीसोबत तिचा पाया लिहिणे आवश्यक असते.

आता हा खड्डा उकलून पाहू. वस्तुनिहाय यादी काढल्यावर दिसले की २४,००० ही निव्वळ रक्कम होती. कमी भरलेला माल ३१,००० चा होता आणि जादा भरलेला ७,००० चा. दुकानात माल आपोआप वाढत नाही, त्यामुळे जादा माल हा नोंदीतल्या चुकीचा भरवशाचा पुरावा असतो. इथे एकाच कंपनीच्या, एकाच किमतीच्या दोन वासांच्या साबणांपैकी एक ४० नग कमी होता आणि दुसरा ४० नग जादा. काउंटरवरचा माणूस घाईत एकच वडी स्कॅन करून ‘गुणिले दोन’ करत होता. ग्राहकाने दोन वेगवेगळ्या वासांच्या वड्या घेतल्या तरी बिलात एकच वास चढत होता. अशा जोड्या जुळवल्यावर जादाचे ७,००० आणि तेवढीच कमतरता एकमेकांत मिटली. उरले २४,०००.

त्यातले ६,००० मोजणीच्या दिवसाचे निघाले. पुरवठादाराचे बिल संध्याकाळी नोंदवले गेले, माल मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी उतरला. वहीत आला, मोजणीत नाही. ही तूटच नव्हे. उलटही घडते: माल आधी येतो, बिल मागाहून चढते आणि त्या अवधीत मोजणी झाली की खरी तूट झाकली जाते. म्हणून मोजणीपूर्वी शेवटचे कोणते बिल धरले आणि शेवटची कोणती आवक धरली, हे कागदावर लिहून ठेवतात.

आणखी ४,००० एका खरेदीत सापडले: बिलावर १० खोकी, उतरली ९. मोजून न घेता सही केल्यामुळे ते खोके वहीत ‘आले’ होते. तूट नेमकी एका खोक्याएवढी किंवा त्याच्या पटीत असेल, तर चोराच्या आधी आवकेची कागदपत्रे तपासावीत. चोर सहसा खोक्याच्या हिशोबाने नेत नाही. ५,००० चा माल फुटला किंवा मुदत संपली म्हणून फेकला होता, फक्त कोणी लिहिले नव्हते. मोडतोड हे तिघांतले सर्वांत सहज मोजता येणारे कारण आहे. फेकण्यापूर्वी नोंद करायची, एवढेच. तरी तेच सर्वाधिक वेळा राहून जाते.

शेवटी ९,००० उरले, विक्रीच्या ०.६ टक्के. हे ‘कारण न कळलेले’. त्यात चोरी असणे शक्य आहे, पण सगळी रक्कम चोरीची असे म्हणता येत नाही, कारण न सापडलेल्या चुकाही त्यातच दडलेल्या असतात. चोरीची खूण रकमेत नसते, ती नमुन्यात दिसते. लहान, महाग आणि सहज खपणारी वस्तू प्रत्येक मोजणीत कमीच भरते, तिला जोडीचा जादा माल कुठे सापडत नाही आणि कधी रिकामे वेष्टन मागच्या कप्प्यात मिळते. काउंटरवरच्या चोरीचा माग मात्र बिलांत असतो. खोटा परतावा दाखवून गल्ल्यातून पैसे काढले की वहीत माल ‘परत आला’ अशी नोंद होते आणि फळीवर काहीच येत नाही. त्यामुळे एकाच कामगाराच्या नावावर परतावे आणि रद्द केलेली बिले वाढत असतील, तर ती आणि त्या वस्तूंची तूट शेजारी ठेवून पाहतात.

कारण न कळलेल्या तुटीला चोरीचे नाव देण्याचा मोह मोठ्या संस्थांनाही होतो. अमेरिकेतील नॅशनल रिटेल फेडरेशन या दुकानदारांच्या संघटनेने २०२३ मधील एका अहवालात म्हटले होते की, २०२१ मधील ९४.५ अब्ज डॉलर तुटीपैकी जवळपास निम्मी संघटित टोळ्यांच्या चोरीमुळे झाली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये संघटनेला हे विधान मागे घ्यावे लागले. ९४.५ अब्ज ही एकूण तूट होती, त्यात मोडतोड आणि चुकाही होत्या.

वर्षातून एकदाच होणाऱ्या मोजणीची मर्यादा उघड आहे. तूट कळते तेव्हा कारण अनेक महिने जुने झालेले असते आणि आठवणी पुसलेल्या असतात. म्हणून जोखमीच्या मोजक्या वस्तू दर आठवड्याला मोजतात आणि बाकीच्या आळीपाळीने. अशा फिरत्या मोजणीत तूट दोन तारखांच्या मध्ये पकडता येते. मोजणाऱ्याला वहीतला आकडा दाखवायचा नाही, हा नियम जुना आणि रास्त आहे. आकडा समोर असला की माणूस तो गाठेपर्यंत शोधतो आणि गाठला की थांबतो, मागे आणखी माल असला तरी. फरक आला की ती वस्तू दुसऱ्या माणसाकडून पुन्हा मोजून घेतात. दुसऱ्या मोजणीत फरक नाहीसा झाला, तर चूक मोजणीत होती. वही तोवर दुरुस्त करायची नसते. पहिल्याच आकड्याने ती बदलली, तर पुढच्या वेळी तेवढाच माल जादा भरतो आणि नसलेल्या चुकीचा शोध सुरू होतो.