भाऊबीज झाली, आता फराळाच्या गिऱ्हाइकाला मेसेज काय टाकायचा?

आमच्याकडून दिवाळीचे मेसेज लिहून घेणाऱ्या घरगुती फराळवाल्या ताई-दादांसाठी हे पत्रक आहे. दिवाळीत ऑर्डरी येतात, मग भाऊबीज झाली की एकदम शांतता आणि पुढचा मेसेज थेट पुढच्या नवरात्रात, तोवर गिऱ्हाईक तुमचा नंबरसुद्धा विसरलेलं असतं.

पहिला मेसेज तुळशीच्या लग्नाच्या आत जाऊ द्या, कारण तेव्हा डब्यात तळाला थोडी चकली उरलेली असते आणि चव तोंडावर असते. परदेशात पार्सल गेलं असेल तर मात्र ते पोचल्याची खात्री करूनच पाठवा. या मेसेजमध्ये लिंक नको, ऑफर तर नकोच. असं लिहा:

"नमस्कार ताई, फराळ नीट पोचला ना? चकली शेवटपर्यंत कुरकुरीत राहिली का? काही कमी-जास्त वाटलं तर मोकळेपणाने सांगा."

"कसा वाटला फराळ?" असं विचारलं की "छान" एवढंच येतं, चकलीचं विचारलं की माणूस चकलीबद्दल बोलतो. उत्तर आलं की त्याच दिवशी गूगल रिव्ह्यूची लिंक पाठवा आणि म्हणा, "आत्ता जे लिहिलंत तेच इथे टाकाल का? नवीन लोकांना ऑर्डर देताना उपयोग होतो." कुणी चकली मऊ पडली म्हणालं तर आधी त्यांचं काय ते निस्तरा, पण लिंक त्यांनाही द्या. फक्त खूश असलेल्यांकडूनच रिव्ह्यू मागणं गूगलच्या नियमात बसत नाही, आणि "रिव्ह्यू द्या, 50 रुपये सूट घ्या" हेही चालत नाही, असे रिव्ह्यू काढून टाकले जाऊ शकतात. म्हणून सूट आणि रिव्ह्यू एका मेसेजमध्ये आम्ही कधीच लिहून देत नाही.

आता ऑफर. दिवाळीनंतर लगेच लाडू-करंजीवर सूट दिली तरी कोण घेणार, सगळ्यांचं गोड खाऊन झालेलं असतं. तेव्हा थालीपीठाची भाजणी, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी असं रोजच्या जेवणातलं विका. मग 14-15 जानेवारीच्या संक्रांतीसाठी गूळपोळी, त्याचा मेसेज जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, आणि त्यात ऑर्डर बंद व्हायची तारीख हवीच: "गूळपोळीची ऑर्डर 10 तारखेपर्यंत. दिवाळीत तुम्ही फराळ घेतला होता म्हणून तुम्हाला आधी कळवतेय." ही शेवटची ओळ 10 टक्के सुटीपेक्षा जास्त काम करते असं आमचं ठाम मत आहे, पण ती खरी असेल तरच टाका, म्हणजे आधी खरंच जुन्या गिऱ्हाइकांनाच सांगा आणि स्टेटसला दोन दिवसांनी लावा.

एक अडचण हमखास येते. व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट लिस्ट केली तरी ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही त्यांना मेसेज जातच नाही. मेसेज दाबून धरून त्याची माहिती उघडली की कुणाकुणाला पोचला ते दिसतं, ज्यांची नावं तिथे नाहीत त्यांना एकेकट्याने पाठवा. पुढच्या वेळी डब्यावरच्या स्टिकरवर "नंबर सेव्ह करा" एवढं छापून घ्या, मजकूर आम्ही देतो.

आणि "आता मेसेज नको" असं कुणी म्हटलं की नाव लगेच लिस्टमधून काढा.