किराणा दुकानातलं ‘हवी होती’ आणि फ्रेंचमधलं ‘वूद्रे’

फ्रेंचच्या पाठ्यपुस्तकांत ‘कोंदिस्योनेल’ या क्रियारूपाची ओळख बहुतेक वेळा ‘जर-तरचं रूप’ अशीच करून दिली जाते. मग विद्यार्थी अडतो. पॅरिसच्या बेकरीत दोन क्रुआसाँ मागताना ‘ज वूद्रे’, म्हणजे ‘मला हवे होते’, असं म्हणायचं, त्यात ‘जर’ कुठे आहे?

याचं उत्तर आपल्याच किराणा दुकानात आहे. ‘एक किलो साखर हवी होती,’ असं आपण म्हणतो. साखर हवी असते आत्ता, क्रियापद मात्र भूतकाळी. इच्छा थोडी मागे सरकवली की ती मागणी समोरच्याच्या अंगावर येत नाही, त्याला ‘आज नाही हो’ म्हणायला जागा उरते. फ्रेंच माणूस हेच करतो. फ्रेंच भाषा जात्याच नम्र असल्याचं जाहिरातींत सांगतात, त्याला काही आधार नाही. काळातलं अंतर वापरून माणसांमधलं अंतर राखणं बऱ्याच भाषांना जमतं.

‘वूद्रे’मध्ये भूतकाळ कुठे लपला आहे, ते पाहू. ‘वूल्वार’ म्हणजे इच्छा असणे. बोलीभाषेतल्या लॅटिनमध्ये लोक मूळ क्रियापदापुढे ‘जवळ असणे’ या अर्थाच्या क्रियापदाचा भूतकाळ जोडू लागले: ‘वोलेरे हाबेबाम’. रचना आपल्या ‘विचारायचं होतं’सारखीच. पुढे दोन्ही शब्द एकमेकांत मिसळले. ‘हाबेबाम’ झिजून नुसता ‘ए’ उरला आणि ‘वोलेरे’मधला मधला स्वर गळून ‘ल’ व ‘र’ शेजारी आले. ‘ल’साठी दातांमागे टेकलेली जीभ ‘र’साठी सुटताना मध्ये आपोआप ‘द’ उमटतो. ‘वानर’चं ‘वांदर’ झालं तेव्हा ‘न’ आणि ‘र’ यांच्यामध्ये असाच ‘द’ शिरला. नंतर ‘ल’ विरघळला आणि ‘वूद्र’ हे अंग तयार झालं. हेच अंग भविष्यकाळालाही लागतं, कारण तो याच मूळ क्रियापदापुढे त्याच ‘जवळ असणे’चा वर्तमानकाळ जोडून बनला. म्हणून कोंदिस्योनेल म्हणजे भविष्यकाळाचं अंग आणि अपूर्ण भूतकाळाचा प्रत्यय. ‘मी’च्या रूपात भविष्यकाळ आणि कोंदिस्योनेल यांच्या लेखनात फक्त शेवटच्या मुक्या ‘स’चा फरक असतो. उच्चारात बरेच फ्रेंच लोकही तो फरक करत नाहीत.

‘पूव्वार’ म्हणजे शकणे. ‘पूवे-वू’ म्हटलं की ‘करू शकता का?’, आणि ‘पूऱ्ये-वू’ म्हटलं की ‘कराल का जरा?’ अनोळखी माणसाला विनंती करताना दुसरं रूप निवडावं. मित्राशी एकेरीत बोलतानाही ‘त्यू पूरे’ चालतं. ‘अरे-तुरे’ असलं तरी विनंती ही विनंतीच.

सर्वांत जास्त घोटाळा होतो तो ‘दव्वार’मध्ये. सहकाऱ्याला ताप आहे आणि तुम्हाला सल्ला द्यायचा आहे. ‘वू दवे वू रपोझे’ म्हणजे ‘तुम्ही विश्रांती घेतलीच पाहिजे’. डॉक्टरांच्या तोंडी हे शोभतं, सहकाऱ्याच्या तोंडी हुकूम वाटतो. ‘वू दव्रिए वू रपोझे’ म्हटलं की ‘विश्रांती घेतलेली बरी’ एवढंच उरतं. इथे आणखी एक पायरी मागे गेलात, म्हणजे ‘वू ओऱ्ये द्यू’ म्हणालात, तर सल्ल्याचा ठपका होतो: ‘घ्यायला हवी होती’. मराठीतही हेच घडतं. ‘साखर हवी होती’ ही मागणी, पण ‘सांगायला हवं होतं’ ही तक्रार.

मराठीभाषक नेमका इथेच घसरतो. ‘कॉफी हवी होती’ हे शब्दशः फिरवून तो अपूर्ण भूतकाळात ‘ज वूले अँ काफे’ म्हणतो. हे रूप चुकीचं नाही. ‘ज वूले वू दमांदे’ म्हणजे ‘मला तुम्हाला विचारायचं होतं’ ही तर छान नम्र सुरुवात आहे. पण वेटरने चहा आणून ठेवला असेल, तर तेच वाक्य ‘मी कॉफी मागितली होती’ असं ऐकू येतं. मागणीसाठी ‘वूद्रे’च वापरावं, म्हणजे ही शंका उरत नाही. दुसरी घसरण ‘सी’ म्हणजे ‘जर’नंतर होते. ‘तुम्हाला जमलं तर’ म्हणताना तिथे कोंदिस्योनेल येत नाही, अपूर्ण भूतकाळ येतो: ‘सी वू पूव्ये’. ज्या रूपाला पुस्तक ‘जर-तरचं’ म्हणतं, ते नेमकं ‘जर’च्या शेजारी बसत नाही. त्याची जागा ‘तर’कडे.

आणि बेकरीत शिरल्यावर आधी ‘बाँजूर’ म्हणावं. ते राहिलं तर पुढचं ‘वूद्रे’ही तुटक वाटतं.

आता कुणी तुम्हाला कॉफी विचारली, तर उत्तर काय द्यायचं? इथे मात्र नियम उलटतो. साधा वर्तमानकाळ, ‘ज व्हो ब्याँ’, म्हणजे ‘हो, चालेल’. कोंदिस्योनेलमध्ये ‘ज वूद्रे ब्याँ’ म्हणालात, तर समोरचा थांबतो आणि पुढच्या ‘पण’ची वाट पाहतो: ‘आवडलं असतं, पण गाडी सुटेल.’