टॅरोमध्ये फाईव्ह ऑफ सोर्ड्सचं कार्ड म्हणजे ब्रेकअपच का?

"ताई, नाईन ऑफ वँड्स आणि फाईव्ह ऑफ सोर्ड्स आलेत, आता तुटणारच ना?" मालवणातून एकीने विचारलं.

नाही गो. १९०९च्या रायडर-वेट डेकचं चित्रच बघ ना, फाईव्हमध्ये एकजण तीन तलवारी घेऊन हसतोय, दोन खाली पडल्यात आणि बाकीचे दोघं पाठ फिरवून पाण्याकडे चाललेत, म्हणजे वाद जिंकला पण बोलायला माणूस उरला नाही. नाईनमधला डोक्याला पट्टी बांधून काठीला धरून उभा, मागे आठ काठ्यांचं कुंपण, तो पळालेला नाहीये, दमलाय आणि पुढच्या फटक्याची वाट बघतोय. होमस्टेच्या हिशोबावरून तुमचं वाजलं, मुद्दा तुझा खरा ठरला, तेव्हापासून तो नुसता 'हं' करतो आणि तूही तोंड उघडायच्या आधीच उत्तरं तयार ठेवतेस. कोण फाईव्ह कोण नाईन असं वाटून घेऊ नको, दोघं दोन्हीकडे आहात. आज हिशोबाची वही काढू नका, आधी झोपा.