कॅलरी ट्रॅकर : आकड्यांची अचूकता

कॅलरी ट्रॅकर म्हणजे खाल्लेल्या अन्नाची नोंद घेऊन दिवसभराच्या कॅलरी आणि त्यांतील प्रथिने, कर्बोदके व स्निग्धांश यांची विभागणी ठरवलेल्या उद्दिष्टांसह दाखवणारी मोबाइल ॲपमधील स्क्रीन. विभागणीचे टक्के बहुधा ऊर्जेचे असतात, वजनाचे नव्हेत. त्यामुळे २००० कॅलरींच्या २०-५०-३० या विभागणीत प्रथिने १०० ग्रॅम आणि कर्बोदके २५० ग्रॅम येतात, तर ३० टक्क्यांचे स्निग्धांश सुमारे ६७ ग्रॅमच भरतात.

या गणिताच्या मुळाशी प्रथिने ४, स्निग्धांश ९ आणि कर्बोदके ४ कॅलरी प्रतिग्रॅम हे गुणक आहेत. त्यांचे श्रेय काही जण जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञ माक्स रूबनर यांना देतात, त्यांचे ४.१, ९.३ व ४.१ हे आकडे साधारणपणे १८८५ च्या सुमाराचे मानले जातात. मात्र रूबनर यांच्या गुणकांत मलावाटे जाणारी ऊर्जा वजा केलेली नव्हती. ती वजावट अमेरिकेत विल्बर ॲटवॉटर (१८४४–१९०७) यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस केली, म्हणून प्रचलित गुणक त्यांच्या नावे ओळखणे अधिक योग्य ठरते. हे गुणक संमिश्र आहाराच्या सरासरीचे आहेत. एकेका पदार्थाला लावले की ते चुकू शकतात. अख्ख्या बदामातून प्रत्यक्ष मिळणारी ऊर्जा गुणकांनी येणाऱ्या ऊर्जेपेक्षा बरीच कमी भरल्याचे २०१२ मधील एका अभ्यासात आढळले.

ॲपने कोणते कोष्टक घेतले आहे, यानेही आकडा बदलतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या कोष्टकात १०० ग्रॅम ज्वारीला ३४९ कॅलरी आहेत, तर २०१७ च्या कोष्टकात सुमारे ३३४. तंतू मोजण्याची पद्धत बदलल्याने कर्बोदकांचा आकडाही ७२.६ वरून सुमारे ६७.७ ग्रॅमवर आला.

सोलापुरात यापेक्षा मोठी तफावत भाकरीच्या वजनामुळे पडते. समजा, ६० ग्रॅम पिठाची मऊ भाकरी ९० ग्रॅम भरली. तिच्यात नव्या कोष्टकानुसार साधारण २०० कॅलरी असतात. तेवढ्याच पिठाची कडक भाकरी पाणी उडाल्याने ६० ग्रॅमच्या आसपास येते, पण ऊर्जा तीच राहते. ॲपमधील ‘भाकरी’ ही नोंद मऊ भाकरीची असेल आणि वजन कडक भाकरीचे टाकले, तर स्क्रीनवर १३३ कॅलरी दिसतात, म्हणजे एक तृतीयांश ऊर्जा हिशेबातून गळते. कोरडे पीठ तोलून ‘ज्वारीचे पीठ’ म्हणून नोंद केल्यास ही चूक टळते.

शेंगाचटणीत गोंधळ चमच्याचा असतो. शेंगदाण्यात १०० ग्रॅमला सुमारे ४० ग्रॅम स्निग्धांश असल्याने सपाट चमचा १० ग्रॅमचा आणि शिगोशीग चमचा २० ग्रॅमचा धरला, तर स्निग्धांशात जवळजवळ ४ ग्रॅमचा फरक पडतो. तेल घालून चटणी कालवली असेल, तर ते तेल वेगळे नोंदवावे लागते.

वापरकर्त्यांनी भरलेल्या नोंदी विशेष तपासाव्यात. तिन्ही घटकांना गुणकांनी गुणून आलेली बेरीज लिहिलेल्या कॅलरींपासून फार दूर असेल, तर बहुधा एखादा आकडा चुकलेला असतो. थोडा फरक मात्र तंतूंमुळेही पडतो. बेरीज जुळली तरी वजन बरोबर आहे, हे त्यावरून कळत नाही.